शिट्ट्या मोजाव्यात की मिनिटे?

तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या आणि हरभऱ्याला सहा-सात, हा हिशेब आपल्या घराघरांत तोंडपाठ असतो. तरीही एखाद्या दिवशी हरभऱ्याची उसळ ताटात येते, दाणा वरून मऊ लागतो आणि चावताच आत कडक गाभा सापडतो. तरुण माणसाला तो चालून जातो. कवळी लावणाऱ्या आजोबांना किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या आजींना मात्र असा दाणा त्रासदायक, प्रसंगी धोक्याचाही ठरतो. शिवाय वयोमानाने ऐकू कमी येऊ लागले की शिट्ट्यांची मोजणीच चुकते. म्हणून या लेखात शिट्टी नेमके काय सांगते आणि भिजवण्याने तिचा आकडा का बदलतो, ते पाहू.

कुकरमध्ये वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो आणि त्यामुळे आतील पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वरचे वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते, हीच शिट्टी. म्हणजे शिट्टी ही जादा वाफ बाहेर पडल्याची खूण आहे, ती डाळ शिजल्याची खूण नव्हे. गॅस मोठा असेल तर दर मिनिटाला शिट्टी होऊ शकते. तोच गॅस अगदी बारीक केला तर दोन शिट्ट्यांमध्ये चार-पाच मिनिटे जातात. आतले तापमान मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखेच असते. मोठ्या आचेवरच्या सहा शिट्ट्या सहा-सात मिनिटांत संपतात, तर बारीक आचेवरच्या सहा शिट्ट्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. शेजारणीने सांगितलेला आकडा आपल्या घरी चुकतो, तो बहुधा यामुळेच.

आता डाळ आणि हरभरा यांतील फरक पाहू. तुरीची डाळ म्हणजे साल काढलेले, दुभंगलेले, पातळ दल. त्यात पाणी चटकन शिरते. हरभरा मात्र अख्खा, जाड आणि सालीत बंद. त्याच्या मध्यापर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागतो आणि पाणी पोहोचल्याशिवाय गाभा शिजत नाही. भिजवणे म्हणजे कुकरमधील हे अर्धे काम आधीच, इंधनाविना उरकणे.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, मग गॅस बारीक करून घड्याळाकडे पाहावे. न भिजवलेली तूरडाळ थेट कुकरमध्ये असेल तर तिला तेथून सुमारे आठ मिनिटे लागतात, म्हणजे एकंदर तीन शिट्ट्या. अर्धा तास भिजवली तर पाच मिनिटे पुरतात, म्हणजे दोन शिट्ट्या. भाताबरोबर डब्यात लावलेल्या डाळीला तीन-चार मिनिटे अधिक द्यावीत, कारण उष्णता तिच्यापर्यंत वाफेतून आणि डब्यातून पोहोचते. आठ-दहा तास भिजवलेल्या हरभऱ्याला वीस ते पंचवीस मिनिटे, म्हणजे पाच-सहा शिट्ट्या लागतात. न भिजवलेल्या हरभऱ्याला पाऊण तास किंवा त्याहून अधिक लागतो. दहा-बारा शिट्ट्या होऊनही त्यातील काही दाणे कच्चे राहू शकतात. भिजवण्याने डाळीच्या बाबतीत जेमतेम एक शिट्टी वाचते, हरभऱ्याच्या बाबतीत मात्र संपूर्ण चित्रच बदलते.

एक उदाहरण घेऊ. दोन वृद्ध माणसांसाठी एक वाटी देशी हरभरे करायचे आहेत. रात्री नऊ वाजता ते धुऊन तीन वाट्या पाण्यात, मोठ्या पातेल्यात भिजवावेत, कारण सकाळपर्यंत ते दुपटीहून अधिक होतात. सकाळी ते पाणी ओतून द्यावे. पोटात वायू धरणाऱ्या साखरेचा काही अंश त्याबरोबर निघून जातो. मग दाणे हाताने चाळून पाहावेत. जे फुगलेलेच नाहीत, लहान आणि गुळगुळीत राहिले आहेत, ते गणंग. कितीही शिट्ट्या दिल्या तरी ते शिजण्याची शाश्वती नसते, म्हणून तेवढे वेचून टाकावेत. उरलेले हरभरे बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी घालून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर घ्यावी आणि मग गॅस बारीक करून पंचवीस मिनिटे थांबावे. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. ती दहा-पंधरा मिनिटेही शिजण्याचीच असतात. शेवटी एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबावा. जोर न लावता तो पार चपटा झाला, मध्ये पांढरा कडक ठिपका उरला नाही, तर तो वृद्धांना देण्याजोगा झाला. ठिपका दिसला तर थोडे पाणी घालून आणखी आठ मिनिटे द्यावीत. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी हरभरे घोटून, गाळणीतून साली काढून द्यावेत.

यवतमाळ जिल्ह्यात तीन गोष्टी या हिशेबावर विशेष परिणाम करतात. पहिली म्हणजे पाणी. अनेक गावांत बोअरवेलचे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर धरणारे. त्यातील कॅल्शियम दाण्यातील पेशींना जोडणारा पदार्थ घट्ट करतो आणि दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. अशा ठिकाणी हरभरे भिजवायला आणि शिजवायला गाळणयंत्राचे, कमी क्षारांचे पाणी वापरावे. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने दाणा लवकर मऊ होतो, पण त्याने शरीरात सोडियम जाते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर सोडा टाळलेलाच बरा.

दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यावर सकाळी फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. या दिवसांत सहा ते आठ तास पुरतात, किंवा हरभरे फ्रिजमध्ये भिजवावेत. घाई असेल तर उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे आणि दोन तास थांबावे. हिवाळ्यात मात्र दहा-बारा तास द्यावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे दाण्याचे वय. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हाती येतो. तो लवकर शिजतो. उष्ण, दमट जागी वर्षभर राहिलेला दाणा कडक होतो आणि त्याला पाच-दहा मिनिटे अधिक लागतात. म्हणून डब्यावर खरेदीचा महिना लिहून ठेवावा.

चिंच, आमसूल किंवा टोमॅटो हे आंबट पदार्थ डाळ वा हरभरा शिजल्यानंतरच घालावेत. आंबटपणाने दाण्याचा कडकपणा टिकून राहतो. डाळ कुकरमध्ये थेट लावताना कुकर पाण्यासह अर्ध्याहून कमी भरावा आणि थेंबभर तेल घालावे, कारण तिचा फेस वाफेचे छिद्र बंद करू शकतो. वजन उचलल्यावर वाफ येत नाही याची खात्री करूनच झाकण उघडावे. ते अडले तर जोर लावू नये.

ज्यांना शिट्टी नीट ऐकू येत नाही, त्यांनी गॅस बारीक केल्यावर घड्याळाचा गजर पंचवीस मिनिटांवर लावून हाताशी ठेवावा. पहिली शिट्टी झाली की वजनाखालून वाफ येताना दिसते. तेवढे डोळ्यांनी पाहिले की पुढचे सारे काम घड्याळावर सोपवता येते.