पासवर्ड बदलला, पण केंद्रावरच्या संगणकाचे काय?

हर्सूलमध्ये राहून टेस्टिंगचे काम शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. पासवर्ड रिसेटची टेस्ट केस लिहायला बसाल, तेव्हा हर्सूल टी-पॉइंटच्या परिसरातली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने ई-सेवा केंद्रातल्या संगणकावर भरला आणि लॉगआउट न करता ती घरी आली. रात्री ते लक्षात आल्यावर तिने मोबाइलवरून पासवर्ड बदलला. आता केंद्रावरचे तिचे खाते बंद झाले की अजून उघडेच आहे?

‘पासवर्ड रिसेट करून पाहावा, नीट व्हायला हवा’ या ओळीतून याचे उत्तर मिळत नाही. ‘नीट’ म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. म्हणून टेस्ट केसमध्ये एकच प्रश्न घ्या. इथला प्रश्न असा: रिसेटनंतर इतर ठिकाणचे चालू लॉगिन बंद होते का?

सुरुवात पूर्वअटींपासून करा. चाचणीसाठी वेगळे खाते हवे, त्याचा ईमेल उघडता यायला हवा आणि जुना पासवर्ड माहीत हवा. समजा तो `Talav@4589` आहे. दोन वेगळे ब्राउझर लागतील: क्रोम म्हणजे केंद्राचा संगणक आणि फायरफॉक्स म्हणजे तिचा मोबाइल. एकाच ब्राउझरचे दोन टॅब चालणार नाहीत, कारण दोन्ही टॅबांत लॉगिनची कुकी एकच असते आणि निकाल फसवा येतो. चाचणी कोणत्या पत्त्यावर करायची, तेही पूर्वअटीतच लिहा. 2016 साली बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी दाखवून दिले की, फेसबुकच्या मुख्य साइटवर रिसेटचा सहा अंकी कोड काही वेळा चुकला की अडवणूक व्हायची, पण `beta.facebook.com` वर ती होत नव्हती. कंपनीने त्यांना 15,000 डॉलरचे बक्षीस दिले. एका पत्त्यावर उत्तीर्ण झालेली चाचणी दुसऱ्या पत्त्यावर नापास होऊ शकते.

आता पायऱ्या. प्रत्येक पायरीचा हेतू एकच असावा आणि काय दिसायला हवे, ते तिच्याच शेजारी लिहावे.

1. क्रोममध्ये जुन्या पासवर्डने लॉगिन करून प्रोफाइल उघडा. अपेक्षित: खात्याचे नाव दिसते.
2. फायरफॉक्समध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून ईमेल टाका. अपेक्षित: ‘हा ईमेल नोंदलेला असल्यास लिंक पाठवली आहे’ असा संदेश दिसतो आणि ईमेलमध्ये लिंक येते.
3. ती लिंक फायरफॉक्समध्ये उघडून `Dongar#7312` हा नवा पासवर्ड दोनदा टाका व जतन करा. अपेक्षित: पासवर्ड बदलल्याचा संदेश दिसतो.
4. क्रोममध्ये आधीच उघड्या असलेल्या प्रोफाइलमधला घरचा पत्ता बदलून ‘जतन करा’ दाबा. अपेक्षित: लॉगिनचे पान येते.
5. क्रोममध्ये जुन्या पासवर्डने लॉगिन करून पाहा. अपेक्षित: प्रवेश नाकारला जातो.
6. क्रोममध्येच नव्या पासवर्डने लॉगिन करा. अपेक्षित: प्रवेश मिळतो आणि प्रोफाइलमध्ये पत्ता जुनाच दिसतो.

सारी मदार चौथ्या पायरीवर आहे. तिथे नुसते ‘मागे’चे बटण दाबून पाहिले, तर ब्राउझर कधीकधी साठवलेले जुने पान दाखवतो. मग लॉगिन खरे तर बंद झालेले असूनही चालूच आहे असे वाटते आणि डेव्हलपरकडे खोटी तक्रार जाते. माहिती बदलून जतन करायला लावले की विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि खरा निकाल तिथेच कळतो. लॉगिनचे पान आले तरी पत्ता आत बदललेला असू शकतो, म्हणून सहाव्या पायरीत तो पुन्हा बघायचा.

अपेक्षित निकाल मनाने ठरवू नका. काही साइट सगळीकडचे लॉगिन आपोआप बंद करतात, तर काही ‘इतर ठिकाणांहून बाहेर पडायचे का?’ असे विचारतात. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही पद्धती मान्य आहेत. आवश्यकतांच्या कागदात याबद्दल काहीच नसेल, तर आधी विचारून घ्या आणि मिळालेले उत्तर टेस्ट केसमध्ये नोंदवा. माझ्या मते टेस्टरने विचारलेला हा प्रश्न पुढे सापडणाऱ्या बगपेक्षा मोलाचा आहे, कारण तो कोड लिहायच्या आधीही विचारता येतो.

चाचणी संपल्यावर खात्याचा पासवर्ड `Dongar#7312` झालेला असतो, हे शेवटी जरूर लिहा. अनेक साइट नुकताच वापरलेला पासवर्ड पुन्हा घेत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी पासवर्डांची नवी जोडी किंवा नवे खाते लागेल. ही नोंद करायची राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी चाचणी करणारा पहिल्याच पायरीला अडकेल आणि दोष साइटला देईल.

लिहून झाले की ती साइट कधीही न पाहिलेल्या मित्राच्या हाती कागद द्या आणि आपण गप्प बसा. तो ज्या पायरीवर थांबून तुम्हाला काही विचारेल, ती पायरी पुन्हा लिहा.