विश्लेषण : ‘जामीन’ म्हणजे सुटका? ‘तहकूब’ म्हणजे चालढकल? अलिबागच्या एका प्रकरणातून कोर्टातील शब्दांचा अर्थ

‘जामीन फेटाळला’, ‘समन्स बजावले’, ‘प्रतिज्ञापत्र सादर’, ‘सुनावणी तहकूब’. मोबाइलवर रोज येणाऱ्या बातम्यांमध्ये हे शब्द असतात आणि त्यांवरून कोण जिंकले, कोण हरले याचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात यांतील एकही शब्द निकाल सांगत नाही. खटला कोणत्या पायरीवर आहे, एवढेच तो सांगतो. रायगड जिल्ह्यात २०२० मध्ये गाजलेल्या एका प्रकरणात हे जवळपास सगळे शब्द काही आठवड्यांत वापरले गेले. त्या प्रकरणाच्या आधारे या शब्दांची उकल…

प्रकरण काय होते?

मे २०१८ मध्ये अलिबाग तालुक्यातील कावीर येथे एक अंतर्गत सजावटकार आणि त्यांच्या आईचा मृत्यू झाला. घरात सापडलेल्या चिठ्ठीत कामाचे पैसे थकवल्याचा आरोप तीन जणांवर होता. त्यात वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांचेही नाव होते. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ अन्वये, गुन्हा नोंदला गेला. पुढे पोलिसांनी पुराव्याअभावी ‘ए समरी’ अहवाल दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये अलिबागच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारला. गुन्हा घडला असावा, पण खटला चालवण्याइतका पुरावा मिळालेला नाही, असा ‘ए समरी’चा अर्थ असतो. फिर्याद खोटी ठरली, असा नव्हे. त्यामुळे पुढील तपासाचा मार्ग उघडा राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांनी याच मार्गाने तपास पुन्हा हाती घेतला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी गोस्वामी यांना मुंबईत अटक करून अलिबागला आणले.

‘कोठडी’ कोणती, हे का पाहायचे?

त्या दिवशी अलिबागच्या न्यायालयात पोलिसांनी पोलीस कोठडी मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि १८ नोव्हेंबरपर्यंत न्यायालयीन कोठडी दिली. ‘चौदा दिवसांची कोठडी’ एवढाच मथळा वाचणाऱ्याला हा आरोपीला बसलेला मोठा दणका वाटेल. वस्तुस्थिती वेगळी होती. पोलीस कोठडीत आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंग प्रशासनाकडे जातो आणि जामीन मागण्याची वाट व्यवहारात तेथूनच मोकळी होते. म्हणून या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात गेले ते सरकार, आरोपी नव्हे.

मग जामीन अलिबागलाच का मिळाला नाही?

कारण गुन्ह्याच्या स्वरूपात होते. कलम ३०६ मध्ये दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि असा खटला सत्र न्यायालयातच चालतो. अशा गुन्ह्यात दंडाधिकारी जामीन देण्यास सहसा धजावत नाहीत. गोस्वामी यांच्या वकिलांनी दंडाधिकाऱ्यांपुढील जामीन अर्ज मागे घेतला आणि थेट मुंबई उच्च न्यायालय गाठले. तेथील मुख्य मागणी गुन्हा रद्द करण्याची होती. हंगामी जामीन त्या मागणीला जोडून मागितला होता.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाड येथील वक्तव्यावरून तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना २४ तारखेला संगमेश्वर येथे अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्यांच्यावरील कलमे दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालणारी होती. एकाला एका रात्रीत जामीन आणि दुसऱ्याला आठवडा, यात इतर गोष्टींबरोबर कलमे आणि न्यायालयाची पायरी यांचाही हिशेब असतो.

‘सुनावणी तहकूब’ झाली, म्हणजे चालढकल?

उच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली आणि ती दुसऱ्या दिवसावर गेली. सरकार आणि मूळ फिर्यादी यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश देता येणार नाही, असे खंडपीठाचे म्हणणे होते. येथे तहकुबीचा उद्देश वेळकाढूपणा नव्हता, दुसऱ्या बाजूला संधी देणे हा होता. युक्तिवाद ६ तारखेलाही संपला नाही. शनिवार, ७ नोव्हेंबरला विशेष सुनावणी झाली आणि न्यायालयाने आदेश राखून ठेवला. हे दोन शब्द वेगळे आहेत. ‘तहकूब’ म्हणजे ऐकणे बाकी आहे, ‘राखून ठेवला’ म्हणजे ऐकून झाले, निर्णय लिहिणे बाकी आहे.

लोकांना त्रास होतो तो खटला उभा राहिल्यानंतरच्या ‘तारीख पे तारीख’चा. साक्षीदार पेणहून किंवा मुरूडहून एसटीने येतो आणि काम न होता परततो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ नुसार, पक्षकाराच्या हाताबाहेरची परिस्थिती असेल तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. वकील दुसऱ्या न्यायालयात व्यग्र आहेत, हे कारण चालत नाही. मात्र न्यायाधीशांची बदली झाली किंवा आरोपीला तुरुंगातून आणलेच नाही, तर ही मर्यादा उपयोगी पडत नाही. म्हणून बातमीत ‘तहकूब’ दिसले की कोणाच्या विनंतीवरून आणि कशासाठी, हे शोधावे.

‘जामीन फेटाळला’ आणि दोन दिवसांत ‘मंजूर’, हे कसे?

उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबरला हंगामी जामीन नाकारला. पण तो नाकारताना सत्र न्यायालयात नियमित जामीन मागण्याचा मार्ग खुला असल्याचे सांगितले आणि तसा अर्ज आल्यास चार दिवसांत निकाली काढावा, असेही स्पष्ट केले. म्हणजे ‘यांना जामीन मिळूच नये’ असा तो निर्णय नव्हता, ‘आमचे विशेष अधिकार येथे वापरणार नाही’ असा होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबरला वेगळे मत घेतले आणि हंगामी जामीन दिला. सविस्तर कारणे २७ नोव्हेंबरला आली. फिर्यादीतील आरोप जसेच्या तसे घेतले तरी गुन्ह्याचे घटक प्रथमदर्शनी दिसतात का, हे उच्च न्यायालयाने तपासायला हवे होते, हा त्यातील गाभा होता.

तरीही हा जामीन ‘हंगामी’ होता. उच्च न्यायालयातील याचिका निकाली निघेपर्यंत आणि त्यानंतर चार आठवडे, अशी त्याची मुदत होती. गुन्हा रद्द झाला नव्हता, तपास थांबला नव्हता. अटकेपूर्वी मिळतो तो अटकपूर्व जामीन, अटकेनंतर खटला चालेपर्यंतचा तो नियमित आणि मोठ्या अर्जाचा निर्णय होईपर्यंतचा तो हंगामी. तिन्हींमध्ये आरोपी आरोपीच राहतो.

‘५० हजारांचा जामीन’ म्हणजे पैसे भरले?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५० हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका केली. जातमुचलका म्हणजे स्वतःच दिलेले लेखी वचन : बोलावल्यावर हजर राहीन, न राहिल्यास ही रक्कम माझ्याकडून वसूल करावी. त्यासाठी रोख रक्कम भरावी लागत नाही. न्यायालयाने हमीदार मागितला तर दुसऱ्या व्यक्तीला उभे राहावे लागते आणि तिची ऐपत पटवण्यासाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला द्यावा लागतो. रोख जामिनातच पैसे प्रत्यक्ष जमा होतात.

गरीब आरोपी येथेच अडतो. जामीन मंजूर झाल्याची बातमी येते, पण सातबारा असलेला हमीदार मिळत नाही म्हणून तो आतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर निर्देश दिले. आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. एखाद्या कुटुंबावर ही वेळ आली, तर त्यांनीही या प्राधिकरणाकडे जावे. तेथे मोफत वकील मिळू शकतो आणि हमीची अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो.

‘समन्स’ आले, म्हणजे अटक होणार?

डिसेंबर २०२० मध्ये पोलिसांनी अलिबागच्या न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले. न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि आरोपींना ७ जानेवारी २०२१ रोजी हजर राहण्यास सांगितले. समन्स म्हणजे असे बोलावणे. ते आरोपीला येते तसे साक्षीदारालाही येते. त्यात अटकेचा आदेश नसतो. तो असतो वॉरंटमध्ये आणि समन्स टाळत राहिल्यास वॉरंट निघू शकते. आरोपीला प्रत्येक तारखेला जातीने जावेच लागते असेही नाही, गैरहजेरीची परवानगी मागता येते. या प्रकरणात उच्च न्यायालयाने गोस्वामी यांना अलिबागला प्रत्यक्ष हजर राहण्यातून काही काळ सूट दिली होती.

नव्या कायद्यानुसार न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही निघू शकते, पण त्यावर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल स्वाक्षरी हवी. चौकशीला बोलावणारी पोलिसांची नोटीस वेगळी. ती व्हॉट्सअॅपवरून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. समन्समध्ये खटला क्रमांक, न्यायालयाचे नाव आणि तारीख असते. ‘ई-कोर्ट्स’ अॅपवर हा क्रमांक टाकून पाहावा. पैसे मागणारे ‘समन्स’ खोटे समजावे.

‘प्रतिज्ञापत्रात म्हटले’ यावर किती विश्वास ठेवावा?

प्रतिज्ञापत्र म्हणजे एका बाजूने शपथेवर मांडलेली तथ्ये. ते न्यायालयाचे मत नसते. कावीरच्या प्रकरणात पैसे थकले होते की चुकते झाले होते, हाच वाद होता आणि दोन्ही बाजू आपापले आकडे मांडत होत्या. अशा वेळी बातमीतील वाक्य कोणाच्या तोंडचे आहे हे पाहावे. ‘सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले’, ‘याचिकाकर्त्याने म्हटले’ हे दावे आहेत, ‘न्यायालयाने म्हटले’ हे वेगळे. सुनावणीतील तोंडी शेरेही आदेशात उतरले नसतील तर बंधनकारक ठरत नाहीत. मात्र प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बातमी वाचताना काय तपासावे?

तीन गोष्टी पुरेशा आहेत : आदेश कोणत्या न्यायालयाचा आहे, त्याच्याकडे नेमके काय मागितले होते आणि आदेश कधीपर्यंत लागू आहे. ९ नोव्हेंबर २०२० च्या ‘जामीन फेटाळला’ या बातमीला हे तीन प्रश्न विचारले असते, तर सत्र न्यायालयाची वाट अजून उघडी आहे हे त्याच दिवशी कळले असते. राणे यांच्या प्रकरणातही जामीन ऑगस्ट २०२१ मध्येच मिळाला होता, पण अलिबागच्या न्यायालयाने त्यांना खटल्यातून मुक्त केले ते एप्रिल २०२४ मध्ये. खटला संपल्याची बातमी ही होती, जामिनाची नव्हे.