पाण्यावरची फिल्म खानदेशात का फसते?

जलसंधारणाची बहुतेक फिल्म एकाच दृश्यावर संपते. पाऊस पडतो, बंधारा भरतो, गावकरी जलपूजन करतात. पण ती पाहणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळाच असतो: नाला भरला खरा, पण माझ्या विहिरीत पाणी का नाही आलं? पटकथेला त्याचं उत्तर द्यावं लागतं. ते जमिनीखाली असतं आणि तिथे कॅमेरा पोहोचत नाही.

धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका याचं चांगलं उदाहरण आहे. तापीकाठी गाळाची जमीन आहे. वर चिकणमातीचा जाड थर, खाली वाळू-गोट्यांचे थर. माती पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वर पाणी साचलं तरी खालचे थर कोरडेच राहतात. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून इथे नाले खोल आणि रुंद केले, म्हणजे पाणी मातीच्या थरात अडकून न राहता खाली मुरावं. त्यावर साखळीने बंधारे बांधले. हाच 'शिरपूर पॅटर्न'.

हे पडद्यावर कसं दाखवायचं? अॅनिमेशनपेक्षा एखादी कच्ची, न बांधलेली विहीर बरी. तिच्या भिंतीत थर उघडेच दिसतात. दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत वाळूवर चिकणमाती घट्ट दाबून भरा, दुसरीतही तशीच भरा, पण मातीला वाळूपर्यंत भोक पाडा. दोन्हीत तांब्याभर पाणी ओता. पहिलीत पाणी वर साचून राहतं, दुसरीत खाली उतरतं. इथे निवेदन नकोच. एखादी आजी अहिराणीत विचारेल, ‘पानी कथं गयं?’, तेवढं पुरे.

पण लगेच दुसरं दृश्य हवं, आणि बऱ्याच पटकथा ते गाळतात. साक्रीकडच्या काळ्या खडकात हा उपाय जसाच्या तसा चालत नाही. खाली कठीण खडक लागला की कितीही खोदा, पाणी मुरत नाही, खोल खड्डा फक्त टाकी होतो. शिवाय पाणी धरणारा थर फोडला, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात येऊ शकतं. म्हणून पटकथेत जेसीबी येण्याआधी भूजलतज्ज्ञाने थर तपासल्याचं दृश्य यायला हवं.

शेवटही पूजेचा नको. एकच विहीर, त्याच जागेवरून, कामाआधीच्या आणि नंतरच्या मे महिन्यात गाठी मारलेल्या दोरीने मोजा. दोन्ही वर्षांचा पाऊसही सांगा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय नाल्याला जाईल. पातळी वर आली तरी एक प्रश्न उरतोच. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किती बोअर ते पाणी उपसतात? गावात फिल्म दाखवल्यावर लोक यावरच भांडतील. लेखकाने तो वाद कापू नये, दोन शेतकऱ्यांच्या तोंडी घालावा.