विसरलेला पिन आणि कपाटातील कार्ड

साखऱ्यातील आमचे एक परिचित किराणा व्यापारी परवा सायंकाळी घरी आले. हिंगोलीच्या घाऊक व्यापाऱ्याला रक्कम पाठवायची होती. परंतु आठवड्यापूर्वीच बदललेला यूपीआय पिन स्मरेना. अंदाजाने तीनदा टाकला, तिन्ही वेळा चुकला आणि व्यवहार थांबला. "काका, शाखेत विचारले तर जुना पिन सांगतील ना?" असा त्यांचा भाबडा प्रश्न.

शाखेतील कोणासही तो पिन दिसत नाही. माझ्या नोकरीच्या काळातही असे विचारणारे पुष्कळ भेटत. जुना पिन परत मिळत नाही, नवाच ठरवावा लागतो. तसेच हा पिन अ‍ॅपचा नसून बँक खात्याचा असतो. त्यामुळे अ‍ॅप काढून पुन्हा घेतले, तरी पिन बदलत नाही. उलट एका अ‍ॅपमध्ये नवा पिन ठरवला, की त्याच खात्यासाठी तो दुसऱ्या अ‍ॅपमध्येही लागू होतो.

कृती सामान्यतः अशी: अ‍ॅपमध्ये बँक खाते उघडून Forgot UPI PIN निवडावे. त्याच खात्याच्या डेबिट कार्डावरील शेवटचे सहा अंक आणि मुदतीचा महिना व वर्ष भरावे. कार्डावर 08/27 असेल तर ऑगस्ट 2027. मग बँकेत नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. काही बँका कार्डाचा एटीएम पिनही विचारतात. तो यूपीआय पिनाहून वेगळा. शेवटी बँकेनुसार चार किंवा सहा अंकी नवा पिन दोनदा टाकावा.

आमच्या परिचितांचे घोडे अडले ते दुसऱ्याच पायरीवर. अंक बरोबर असूनही तपशील अमान्य होत होता. मी कार्ड मागवले, तर त्याची मुदत गेल्याच महिन्यात संपलेली! नवे कार्ड टपालाने आले होते, पण लिफाफा न फोडताच कपाटात ठेवलेला. त्यावरचे शेवटचे अंक आणि मुदत, दोन्ही वेगळे. आधारच्या ओटीपीचा पर्याय पाहिला. परंतु आधारला मुलाचा क्रमांक जोडलेला, आणि तेथे बँकेचा व आधारचा क्रमांक एकच लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एटीएमवर जाऊन नव्या कार्डाचा पिन तयार केला आणि कार्ड सुरू झाले. तीन चुकांमुळे लागलेली बंदी बहुधा चोवीस तासांची असते. तीही तोवर सरली होती. मग नवे अंक भरताच ओटीपी आला आणि दोन मिनिटांत काम झाले. मधल्या काळात गल्ल्यावरच्या क्यूआरवर ग्राहकांचे पैसे मात्र येतच होते, कारण पैसे घेण्यास पिन लागत नाही.

आदल्या रात्री त्यांच्या पुतण्याने इंटरनेटवरून एक 'मदत क्रमांक' शोधला होता. पलीकडच्या गृहस्थाने कार्डाचे अंक आणि ओटीपी मागितला, तेव्हा सुदैवाने त्यांनी फोन ठेवला. ते दोन्ही हाती आल्यावर त्या गृहस्थाला आणखी फारसे काही लागले नसते.