दोन भोकं, तांदळाएवढी

गल्लीतल्या मोठ्या कुत्र्याने तळमजल्यावरच्या काकूंच्या शेरूची मान धरली. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लहान मुलं बघतात म्हणून अ‍ॅडमिनने तो काढला. त्यात काही गैर नाही. माझं डोकं फिरलं ते पुढच्या सल्ल्यांनी. काकूंनी लिहिलं, 'थोडंसंच लागलंय', आणि तेवढ्यावर कुणी हळद सांगितली, कुणी खोबरेल तेल, एकाने तर फिनेल!

मी खाली गेले. डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं ते आम्ही शेरूजवळ बसून लिहून काढलं. 'मानेला उजवीकडे, कानाखाली चार बोटांवर दोन भोकं, तांदळाच्या दाण्याएवढी, मधे दोन बोटं अंतर. काल रात्री चावलं. रक्त थांबलंय. सकाळपासून भोवती सूज, हाताला गरम लागते. मान वळवत नाही, खाल्लं नाही.' डॉक्टर म्हणाले, 'आत्ता घेऊन या.'

चाव्याची जखम वरून दिसते त्यापेक्षा आत मोठी असते. सुळा घुसतो, कुत्रा झटके देतो. कातडी सैल असल्यामुळे ती सुळ्याबरोबर सरकते आणि खालचा स्नायू मात्र फाटतो. भोक लवकर मिटतं, लाळेतले जंतू आत कोंडतात आणि दोन-चार दिवसांत पू धरतो. दवाखान्यात शेरूचे केस कापल्यावर तिसरं भोक निघालं. ते फोटोतही दिसलं नव्हतं. म्हणून सांगताना जागा, आकार, वेळ आणि सूज तर सांगाच, पण जनावर वागतंय कसं हेही सांगा. ते कुठल्याच फोटोत येत नाही.

चावा छातीला किंवा पोटाला असेल, डोळ्याला इजा असेल, श्वास जोरात चालला असेल, तर फोन करत करतच निघायचं. स्वच्छ फडकं मधे न उचलता दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहत असेल, तरी तेच. दाब तसाच ठेवून निघा. ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच फिकट दिसली, तर जनावर शॉकमध्ये जात असेल. शेरूसारख्या काळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पावसाळ्यात उघड्या जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या जिवंत मांस पोखरत आत जातात. तिथे फिनेल ओतलं की मांस भाजतं, आणि जनावर ते चाटतं. माणसांची दुखण्याची गोळीही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

शेरूचं रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालेलं होतं, तरी डॉक्टरांनी पुन्हा दिलं. चावणारा कुत्रा अनोळखी असला की ते द्यावंच लागतं. काकूंच्या बोटाला चीर होती आणि त्याच हाताने त्यांनी लाळेने भिजलेली मान पुसली होती. त्यांना आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला, आणि मग त्यांच्या इंजेक्शनसाठी आम्ही माणसांच्या दवाखान्यात गेलो.