नीटच्या अर्जात प्रवर्ग चुकलाय? नीट-यूजी 2025 च्या दुरुस्तीची मुदत 11 मार्चला रात्री 11.50 पर्यंतच होती, काय बदलता येत होतं, काय नाही?

डिजिटल डेस्क, अहिल्यानगर : वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-यूजी 2025 परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत 7 मार्चला संपली. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा संस्थेने म्हणजे एनटीएने भरलेल्या अर्जात दुरुस्ती करण्यासाठी 9 ते 11 मार्च 2025 असे तीन दिवस दिले होते. परीक्षा 4 मे 2025 रोजी होती. 11 मार्चला रात्री 11.50 नंतर ही खिडकी बंद होणार होती आणि त्यानंतर दुरुस्तीची विनंती ऐकली जाणार नाही, असं एनटीएने सूचनेत स्पष्ट केलं होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या अनेक विद्यार्थ्यांनी या तीन दिवसांत एक रकाना उघडून पाहायलाच हवा होता. तो म्हणजे प्रवर्गाचा, अर्थात कॅटेगरीचा.

प्रवर्गाच्या रकान्यात गोंधळ का होतो?

नीटच्या अर्जात खुला, ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल, एससी आणि एसटी एवढेच पर्याय असतात. आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यावर मात्र व्हीजे, एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, एसबीसी, एसईबीसी असे राज्याचे प्रवर्ग असतात. दाखल्यावरचा शब्द अर्जात सापडत नाही आणि मग अंदाजाने पर्याय निवडला जातो.

नीटचा अर्ज केंद्राच्या यादीवर चालतो. धनगर समाज राज्यात एनटी-सी आणि वंजारी समाज एनटी-डी मध्ये आहे, पण केंद्राच्या यादीत हे दोन्ही समाज ओबीसी आहेत. कुणबी समाज राज्यात आणि केंद्रातही ओबीसी आहे. मराठा समाजाला राज्यात एसईबीसी आरक्षण आहे, मात्र केंद्राच्या ओबीसी यादीत त्याचा समावेश नाही. त्यामुळे या विद्यार्थ्यांनी नीटच्या अर्जात खुला प्रवर्ग निवडायचा, किंवा केंद्राचे उत्पन्न व मालमत्तेचे निकष पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएस.

एक उदाहरण पाहू

समजा, जामखेड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा दाखला एनटी-सीचा आहे. सायबर कॅफेत अर्ज भरताना यादीत एनटी-सी दिसलं नाही, म्हणून खुला प्रवर्ग निवडला आणि 1,700 रुपये शुल्क भरलं. आता काय होईल?

देशभरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. या कोट्यात ओबीसींना 27 टक्के आरक्षण आहे. या फेऱ्या घेणारी वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, एनटीएकडून आलेली माहितीच वापरते. अर्जात खुला प्रवर्ग राहिला, तर या विद्यार्थिनीचा ओबीसी जागेवरचा दावा तिथेच अडतो.

पात्रतेची रेषाही बदलते. खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल लागतात, ओबीसीला 40. 2024 च्या सुधारित निकालात खुल्या प्रवर्गाची पात्रता 162 गुणांवर थांबली होती, ओबीसीची 127 वर.

राज्याच्या 85 टक्के जागांचं काय? त्यांची प्रक्रिया राज्य सीईटी कक्ष राबवतो. तिथे वेगळी नोंदणी होते आणि एनटी-सी, एनटी-डी, एसईबीसी हे दावे त्या नोंदणीत कागदपत्रांच्या आधारे करायचे असतात. म्हणजे नीटच्या अर्जात एनटी-सी नाही म्हणून राज्यातला हक्क जात नाही. पण ‘राज्यात बघून घेऊ’ म्हणून नीटच्या अर्जातली चूक सोडून दिली, तर अखिल भारतीय कोट्यातली संधी जाते.

याच्या उलट चूकही होते. ‘भटक्या जमाती’ मधला ‘जमाती’ शब्द पाहून कुणी एसटी निवडतं. एसटी म्हणजे अनुसूचित जमाती, आणि तो प्रवर्ग वेगळा आहे. समुपदेशनात एसटीचा दाखला मागितला जाईल, तेव्हा तो दाखवता येणार नाही. ही चूकही मुदतीत दुरुस्त करायला हवी.

पैसे परत मिळतात का?

नाही. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गाचं शुल्क 1,700, ओबीसी व ईडब्ल्यूएसचं 1,600 आणि एससी, एसटीचं 1,000 रुपये होतं. वरच्या विद्यार्थिनीने खुल्यावरून ओबीसी केलं, तर जास्तीचे 100 रुपये परत येणार नाहीत. एसटीवरून ओबीसी करणाऱ्याला मात्र फरकाचे 600 रुपये भरावे लागतील. हा फरक भरल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. बदल केला, पण पैसे भरायचे राहिले, तर अर्ज जुन्याच प्रवर्गात राहतो.

आणखी काय बदलता येत होतं?

प्रवर्गाशिवाय दहावी-बारावीचा तपशील, पात्रतेचा राज्य कोड, दिव्यांगत्वाची नोंद, स्वाक्षरी आणि नीटच्या प्रयत्नांची संख्या बदलता येत होती. वडिलांचं नाव, शिक्षण व व्यवसाय किंवा आईचं नाव, शिक्षण व व्यवसाय, या दोनपैकी एकाचाच तपशील दुरुस्त करता येत होता. दोन्हीकडे चूक असेल, तर कोणती दुरुस्त करायची ते ठरवूनच लॉगिन करायला हवं होतं.

परीक्षेचं शहर आणि माध्यमही बदलता येत होतं. मात्र शहराचे पर्याय अर्जातल्या कायमच्या आणि सध्याच्या पत्त्यानुसारच मिळत होते. मराठी माध्यमाची प्रश्नपत्रिका हवी असेल, तर केंद्र महाराष्ट्रातलंच असावं लागतं. कोट्याला किंवा हैदराबादला शिकणाऱ्यांनी हे तपासावं.

काय बदलता येत नव्हतं?

विद्यार्थ्याचं स्वतःचं नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि पत्ता हे बदलण्यायोग्य रकान्यांच्या यादीत नव्हते. अर्जात सायबर कॅफेचालकाचा नंबर किंवा ई-मेल असेल, तर प्रवेशपत्र आणि निकालाचे संदेश त्याच्याकडेच जातील. अशा वेळी अर्ज क्रमांक आणि पासवर्ड स्वतःकडे घ्या.

हे नियम सगळ्या परीक्षांना सारखे नसतात. याच एनटीएच्या जेईई मेन 2025 मध्ये विद्यार्थी, वडील किंवा आई यांपैकी एकाचं नाव दुरुस्त करण्याची मुभा होती, पण फोटो बदलता येत नव्हता. यूपीएससीने 2025 मध्ये अर्जाची मुदत संपल्यावर सात दिवस दिले. मित्राने दुसऱ्या परीक्षेत बदल करून घेतला, म्हणून नीटमध्ये तो होईलच असं नाही.

दुरुस्ती कशी करायची होती?

neet.nta.nic.in या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक आणि पासवर्डने लॉगिन करून दुरुस्तीचा पर्याय उघडायचा होता. ही संधी एकदाच होती. एक रकाना बदलून अर्ज सादर केला आणि दुसरी चूक नंतर दिसली, तर पुन्हा दार उघडणार नव्हतं. म्हणून आधी जुन्या कन्फर्मेशन पेजची प्रिंट आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून सगळ्या चुका कागदावर लिहून काढणं आणि मगच लॉगिन करणं योग्य होतं.

दुरुस्ती झाली का, हे स्क्रीनवरच्या संदेशावरून ठरवू नका. कन्फर्मेशन पेज नव्याने डाउनलोड करा. त्यावर नवा प्रवर्ग छापून आला असेल, तरच काम झालं. शुल्काचा फरक भरला असेल, तर त्याची पावतीही जपून ठेवा. अडचण आल्यास एनटीएची हेल्पलाइन 011-40759000 होती.

प्रवर्ग ओबीसी केला, तर समुपदेशनावेळी वैध असलेलं नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागेल. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र अखिल भारतीय कोट्यात चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्र शासनासाठी’ असं स्पष्ट सांगा.