जुना फोन घेताना घाई नको

मैत्रिणींनो, परवा भाचीबरोबर जुना मोबाइल घ्यायला गेले होते. भिशीचे साडेआठ हजार नणंदबाईंनी तिच्या कॉलेजच्या फोनसाठी बाजूला ठेवलेले. दुकानदाराने सॅमसंगचा एक फोन काढला, दिसायला अगदी कोरा! भाची लगेच पर्स उघडू लागली. म्हटलं, "थांब गं, फोन कुठं पळतोय?"

आधी कव्हर आणि वर चिकटवलेली काच काढायला लावली. बारीक तडे तिच्याखालीच दडतात. मग नंबर फिरवायच्या जागी *#0*# असं दाबलं. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर यानं तपासणीचं पान उघडतं. इतर कंपन्यांच्या फोनवर ही युक्ती चालत नाही बरं का. Red, Green, Blue दाबलं की सगळा पडदा त्या त्या रंगाचा होतो. आमच्या फोनवर हिरव्या रंगात तळाशी तीन फिकट खुणा दिसल्या. वर्षानुवर्षं एकाच जागी उमटलेल्या बटणांची ती सावली. ती जात नाही, पण कामही अडत नाही. भाव पाडायला मात्र उपयोगी! पुढे Touch मध्ये चौकोनांवरून बोट फिरवायचं. बोट गेलं की चौकोन रंगतो. एखादा कोरा राहिला, तर तो फोन परत ठेवा.

मग भाचीला घरी फोन लावून कानाशी धरायला सांगितलं. कानाशी नेला की पडदा काळा व्हायला हवा, नाहीतर बोलता बोलता गालानेच फोन बंद होतो.

चार्जरची वायर मी घरचीच नेली होती. लावली तर जरा हलवताच चार्जिंग बंद! भाचीचा चेहरा उतरला. दुकानदाराने फोन बंद करून लाकडी काडीनं खाचेतला कापसाचा मळ काढला, आणि वायर घट्ट बसली. मळ काढूनही सैल राहिली असती, तर खाच गेली असं समजायचं.

खरी गोम बॅटरीत निघाली. फोन सपाट टेबलावर ठेवला, डुलत नव्हता. डुलला किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा फोन घेऊच नये. मग पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून पंधरा मिनिटं व्हिडिओ लावून ठेवला. चार्ज तीन-चार टक्के उतरला असता, तर मी काही बोलले नसते. इथे ७४ वरून थेट ६३ वर आला!

दुकानदार म्हणाला, "ताई, जुन्या फोनचं असंच असतं." मी म्हटलं, "भाऊ, मग याच पैशात नवी बॅटरी घालून द्या. पैसे तेव्हाच देऊ." तो थोडा कुरकुरला, पण तयार झाला. गुरुवारी पुन्हा गेलो, पुन्हा पंधरा मिनिटं व्हिडिओ लावला. तीन टक्के उतरले. मग भाचीने पर्स उघडली.